जपानी खरेदीदाराला नकार कळवताना

समजा, वाशी तालुक्यातल्या तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं गेली दोन वर्षं एका जपानी अन्नप्रक्रिया कंपनीला सोयाबीनचे नमुने पाठवले, त्यांच्या पसंतीनंतर एक कंटेनर मालही गेला. पैसे वेळेवर आले. त्यांचे दोन अधिकारी येऊन शिवार बघून गेले, पिठलं-भाकरी खाऊन गेले. आणि आता ऑक्टोबरात, काढणी चालू असताना, त्यांचा प्रस्ताव आला आहे. तीन वर्षांचा करार, दर वर्षी 200 टन, भाव आजच ठरवलेला, वाण एकच, आणि या मुदतीत खाद्य प्रतीचा माल दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही.

संचालक मंडळाची बैठक झाली. दोन तास बोलणं झालं आणि हे आपल्याच्यानं होणार नाही, असं ठरलं. पण ग्राहक तोडायचा नाही, हेही तितक्याच ठामपणे ठरलं. आता हा नकार कोणत्या शब्दांत, कोणाला, कधी आणि कोणामार्फत कळवायचा, याबद्दल हा लेख आहे. उदाहरण मांडणीसाठी घेतलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण आपल्या भागातली आहे.

आधी असे प्रस्ताव का येतात ते बघू. जपानला लागणाऱ्या सोयाबीनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माल बाहेरच्या देशांतून जातो. टोफू, मिसो, नातो असले रोजच्या जेवणातले पदार्थ त्यातूनही होतात, आणि या पदार्थांसाठी तिथल्या ग्राहकाला जनुकीय बदल न केलेलं सोयाबीन हवं असतं. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे धाराशिवसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्याकडे कोणाचं लक्ष गेलं तर नवल नाही. मात्र आपलं बहुतेक सोयाबीन तेल आणि पेंडीसाठी पिकवलं जातं. वर्षानुवर्षं पेरलेल्या जेएस-335 चा डोळा काळा असतो, आणि टोफूवाल्याला फिकट डोळ्याचा, एकसारख्या आकाराचा दाणा लागतो. म्हणजे वाण बदलण्यापासून सुरुवात.

मग हिशेब. एकरी सात क्विंटल धरले तर 200 टनांना, म्हणजे 2,000 क्विंटलांना, सुमारे 285 एकर लागतात. चाळणीवर आणि रंगाच्या निवडीत तीन भागांतला एक भाग बाजूला गेला, तर तोच आकडा 430 एकरांवर जातो. सभासदांनी एवढं क्षेत्र एकाच वाणाखाली आणायचं, तेही तीन वर्षं. त्यात सप्टेंबर 2025 चा पाऊस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. भूम, परंडा, वाशी भागात उभी पिकं पाण्यात गेली. शिवाय जपानचा कीडनाशकांच्या अंशांचा नियम आहे. 2006 च्या मे महिन्यापासून तिथं ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट 0.01 पीपीएम ही मर्यादा लागू होते. आपला सभासद कितीही काळजी घेईल, पण शेजारच्या रानातून वाऱ्यानं आलेल्या फवाऱ्याची हमी कोण देणार? संचालक मंडळानं नाही म्हटलं ते विचार करूनच म्हटलं, आणि त्या निर्णयाशी या लेखाचं भांडण नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण मराठवाड्यातली माणसंही तोंडावर नाही म्हणत नाही. सोयरीक पसंत नसेल तर 'पोराचा विचार अजून पक्का नाही' म्हणतो, उसने पैसे द्यायचे नसतील तर 'बघू, दिवाळीनंतर काहीतरी करू' म्हणतो. त्यामुळे जपानी माणूस आडवळणानं नकार देतो हे ऐकलं की वाटतं, मग तर सोपंच आहे, आपल्याला हे जमतंच. घोटाळा इथंच होतो. आडवळण दोन्हीकडे आहे, पण वळणं वेगळी आहेत. आपलं 'बघू' गावात कोणालाही कळतं, कारण ऐकणारा आपला चेहरा, आवाज, घराची परिस्थिती सगळं ओळखून असतो. ओसाकातल्या कार्यालयात बसलेल्या खरेदी अधिकाऱ्यासमोर फक्त तुमचा मेल असतो. त्यात 'सकारात्मक विचार चालू आहे' असं लिहिलेलं दिसलं की तो ते खरं मानतो आणि तशी नोंद करतो.

केइको उएदा या अभ्यासिकेनं 1974 मध्ये जपानी माणूस 'नाही' हा शब्द टाळण्यासाठी काय काय करतो याच्या सोळा पद्धती नोंदवल्या होत्या. गप्प राहणं, उलट प्रश्न विचारणं, विषय बाजूला नेणं, उत्तर लांबवणं, माफी मागणं, 'हो, पण' म्हणणं, अशा. यादी वाचली की आपलं गाव आठवतं. पण लक्षात घ्यायचं ते असं, की या पद्धती तिथल्या दोन माणसांमध्ये चालतात, दोघांनाही खुणा माहीत असतात. परक्या माणसानं त्यातली एखादी उचलून वापरली तर ती खूण म्हणून ओळखली जाईलच असं नाही. तुमचं गप्प राहणं त्यांना नकार न वाटता निष्काळजीपणा वाटेल. म्हणून त्यांच्या सवयींची नक्कल करू नका. त्या सवयींमागे जी गरज आहे ती भागवा. गरज एवढीच असते की समोरच्याला त्याच्या माणसांदेखत तोंडघशी पडावं लागू नये आणि नात्याला धक्का लागू नये. नकार मऊ असावा, पण धूसर नसावा.

तोंडघशी कोण पडतं, हे नीट समजून घ्या. प्रस्ताव घेऊन आलेला अधिकारी साधारण मधल्या फळीतला असतो. त्यानं प्रस्ताव पाठवण्याआधी आपल्या कंपनीत गुणवत्ता विभाग, आयात विभाग, हिशेब विभाग अशा सगळ्यांकडे अनौपचारिक बोलणी केलेली असतात. मग कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, त्यावर एकेकाचा शिक्का उमटतो. म्हणजे तुमच्यापर्यंत जो प्रस्ताव आला, त्याच्यामागे त्या माणसाची कित्येक महिन्यांची मेहनत आणि त्याच्या वरिष्ठांचा त्याच्यावरचा विश्वास आहे. तुम्ही थेट मोठ्या साहेबांना प्रत लावून 'आम्हाला हे मान्य नाही' असं लिहिलंत, तर तुमचा नकार कंपनीला नाही, त्या माणसाला बसतो. आणि पुढच्या वर्षी तुमची बाजू मांडणारा त्या इमारतीत एकही माणूस उरत नाही.

म्हणून पहिलं पाऊल लेखी नसतंच. त्या अधिकाऱ्याला एकट्याला, औपचारिक उत्तराच्या आठ-दहा दिवस आधी, तोंडी कल्पना द्यायची. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. सकाळी दहाला फोन केलात तर तिथं दीड वाजलेला असतो, जेवण उरकून माणूस जागेवर आलेला असतो. आपल्या दुपारी तीननंतर केलात तर तिथं दिवस संपत आलेला असतो. वेळ आधी मेलवर विचारून घ्या आणि विषय काय हेही मोघम सांगून ठेवा, म्हणजे तो मनाची तयारी करून बसेल. भाषेची अडचण असेल तर दुभाषी घ्या. पुण्यात जपानी शिकवण्याची आणि शिकण्याची परंपरा जुनी आहे, तिथं चांगले दुभाषी मिळतात. मधे एखादी व्यापारी संस्था किंवा दलाल असेल तर हे काम त्याच्याकडे देणं आणखी चांगलं. मध्यस्थानं आणलेला निरोप दोन्ही बाजूंना न अवघडता ऐकता येतो. आपल्याकडे सोयरिकीत मामा किंवा आत्याचे यजमान हेच काम करतात.

फोनवर काय बोलायचं? थोडं. प्रस्ताव मिळाला, मंडळानं तो दोन तास वाचला, तुम्ही एवढा भरवसा टाकलात याबद्दल सगळ्यांनी तुमचं नाव काढलं, पण आमच्या सभासदांची शेती बघता तीन वर्षांचा शब्द देणं आम्हाला फार अवघड दिसतंय. इथं थांबायचं. पलीकडून दोन-चार क्षण काहीच आवाज येणार नाही. आपल्याला अशा शांततेत बेचैन व्हायला होतं आणि आपण ती भरून काढायला जातो, 'पण काही हरकत नाही, काहीतरी मार्ग काढू' असं तोंडून निघून जातं. ते निघू देऊ नका. त्या शांततेत तो माणूस तुमचा निरोप पचवत असतो, आणि आपल्या साहेबांना काय सांगायचं याची जुळणी करत असतो. त्याच्या तोंडून 'हो, हो' असा हुंकार आला तर तो मान्य आहे असा नसतो, ऐकतोय असा असतो, हेही दुभाष्याला विचारून ठेवा.

इथं एक शब्द नीट जपायला हवा. 'अवघड आहे' असं जपानी व्यवहारात कोणी म्हटलं की बहुतेक वेळा ते नाहीच समजलं जातं. आपल्याकडे मात्र 'अवघड आहे' म्हटलं की ऐकणारा 'मग सोपं करू की' म्हणत पुढे सरसावतो. त्यामुळे आपला माणूस तो शब्द वापरतो तेव्हा त्याला मनातून वाटत असतं की अजून घासाघीस बाकी आहे. तसं मनात असेल तर तो शब्द वापरू नका. वापरलात, तर त्यावर ठाम राहा.

यानंतर येतं कारण. सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जपानी कंपनीला दिलेलं कारण सबब म्हणून ऐकलं जात नाही, सोडवायची अडचण म्हणून ऐकलं जातं. तुम्ही लिहिलंत, 'भाव परवडत नाही', तर तीन आठवड्यांनी सुधारित भाव येईल. आता काय करणार? तुम्ही लिहिलंत, 'स्वच्छता आणि प्रतवारीची यंत्रणा नाही', तर ते विचारतील, कोणतं यंत्र हवं, किती क्षमतेचं, आमचा तंत्रज्ञ जानेवारीत येऊन बघेल. तंत्रज्ञ खरंच येईल, विमानतळावरून सहा-सात तासांचा प्रवास करून वाशीत उतरेल, आणि त्याला परत पाठवताना जो नकार द्यावा लागेल तो पहिल्याहून दसपट जड असेल. 'संचालक मंडळाचा निर्णय व्हायचा आहे' असं लिहिलंत तर आणखी वाईट. त्यांच्याकडे कागद वर गेला म्हणजे बहुतेक काम झालंच, असं समजतात. ते वाट बघत बसतील, आणि त्या भरवशावर त्यांच्या ग्राहकाला शब्द देऊन ठेवतील.

म्हणून कारण निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. ही अडचण उद्या त्यांनी पैसे देऊन, माणूस पाठवून किंवा मुदत वाढवून दूर केली, तर मी हो म्हणेन का? उत्तर 'नाही' असेल, तर ते कारण देऊ नका. खरं कारण द्या, आणि ते त्यांच्या हाताबाहेरचं असावं. आपल्या उदाहरणात असं कारण आहेच. उत्पादक कंपनी ही सभासदांची आहे, पेरणीच्या वेळी कोणतं वाण लावायचं आणि काढणीनंतर माल कुठं घालायचा हे प्रत्येक शेतकरी त्या-त्या वर्षीच्या पावसावर ठरवतो, आणि हा हक्क मंडळाला तीन वर्षांसाठी बांधून टाकता येत नाही. हे खरं आहे. त्यात समोरच्याचा दोष नाही, त्याच्या भावाचा दोष नाही, आणि ते पैशानं सुटत नाही. तो अधिकारी हेच वाक्य जसंच्या तसं आपल्या साहेबांपुढे ठेवू शकतो आणि त्याची मान खाली जात नाही.

खोटं कारण देऊ नका, हे नीतीपेक्षाही व्यवहाराच्या दृष्टीनं सांगतोय. 'घरात दुःखद प्रसंग', 'चेअरमन आजारी', असली कारणं आपल्याकडे समजून घेतली जातात आणि विसरलीही जातात. तिथं मात्र ती नोंदली जातात, आणि सहा महिन्यांनी चेअरमनची तब्येत आपुलकीनं विचारली जाते.

आता पत्र. फोन झाल्यावर आठ-दहा दिवसांत ते जावं. मेल चालेल, पण सोबत कंपनीच्या छापील पत्रावर, अध्यक्षांच्या सहीचं पत्र जोडावं. प्रस्ताव पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्याच नावानं लिहावं, आडनावापुढे 'सान' लावावं, आणि वरिष्ठांना प्रत लावायची की नाही हे त्याच्यावर सोडावं. मजकूर लहान ठेवावा. सुरुवातीला ऋतूचा एखादा उल्लेख करण्याची जपानी पत्रांत जुनी रीत आहे. आपण आपल्या रानातला द्यावा. मजकूर साधारण असा होईल:

'आमच्याकडे सोयाबीनची काढणी संपली असून ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी चालू आहे. आपण गेल्या वर्षी पाहिलेल्या शिवारात आता ज्वारी उगवून आली आहे. आपला तीन वर्षांच्या कराराचा प्रस्ताव आमच्या संचालक मंडळाने काळजीपूर्वक वाचला. आमच्यासारख्या लहान कंपनीवर आपण एवढा विश्वास ठेवलात याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. आमचे सभासद दर वर्षी पावसाचा अंदाज घेऊन वाण आणि विक्री यांचा निर्णय स्वतः घेतात, आणि ही पद्धत आम्हाला पुढेही जपायची आहे. त्यामुळे तीन वर्षांसाठी ठरावीक माल राखून ठेवण्याचा करार करणे आमच्यासाठी अवघड आहे, असे मंडळाने ठरवले आहे. आपण घेतलेल्या मेहनतीला अपेक्षित उत्तर देता आले नाही याबद्दल क्षमस्व. दर वर्षी काढणीनंतर, उपलब्ध मालाचे नमुने आम्ही नोव्हेंबरअखेर आपल्याला पाठवू आणि प्रमाण कळवू. त्यातून आपल्या उपयोगाचे काही असेल तर आपल्याला पुरवण्यात आनंद वाटेल.'

या मजकुरात 'नाही' हा शब्द नकार म्हणून कुठंच आला नाही. तरीही वाचणाऱ्याला शंका राहायला जागा नाही, कारण 'मंडळाने ठरवले आहे' हे वाक्य पूर्ण आणि भूतकाळातलं आहे. विचार चालू आहे, प्रयत्न करू, सध्या तरी, असलं काहीही त्यात नाही. 'सध्या तरी' हे दोन शब्द विशेष टाळा. आपल्याला ते नम्रतेचे वाटतात, वाचणारा मात्र 'मग केव्हा?' असं विचारायला मोकळा होतो. माफी एकदाच मागितली आहे, आणि ती निर्णयाबद्दल नसून त्यांच्या वाया गेलेल्या श्रमांबद्दल आहे. शेवटी जे देऊ केलं आहे ते लहान आहे, पण पाळता येण्यासारखं आहे. नोव्हेंबरअखेर नमुने पाठवणं आणि प्रमाण कळवणं हे काम कंपनीचा व्यवस्थापक दोन दिवसांत करू शकतो.

या शेवटच्या देऊ केलेल्या गोष्टीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. नकारासोबत काहीतरी पुढे करावं, ही रीत चांगली आहे, पण मराठवाड्यातलं मन मोठं असतं आणि त्या भरात आपण 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणून बसतो. जपानी कार्यालयात 'पुढच्या वर्षी नक्की' हे वाक्य फाइलला लागतं. पुढच्या सप्टेंबरात त्यांचा मेल येतो, की आपण म्हटल्याप्रमाणे आम्ही जागा राखून ठेवली आहे. तेव्हा दुसऱ्यांदा दिलेला नकार हा नकार राहत नाही, शब्द मोडणं होतं. एक कंटेनर देता येत असेल तर एक कंटेनर म्हणा. काहीच देता येत नसेल तर दुसऱ्या उत्पादक कंपनीची ओळख करून देऊ म्हणा, पण त्या कंपनीला आधी विचारून. तेही शक्य नसेल तर आभार मानून पत्र संपवा, त्यात कमीपणा नाही.

पत्र गेल्यावर ते पोचलं हे कळतं, समजलं की नाही हे मात्र खुणांवरून ओळखावं लागतं. समजलं असेल तर उत्तर लवकर येतं, त्यात आभार असतात, 'आपली परिस्थिती आम्ही समजू शकतो' अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि तीन वर्षं, 200 टन, भाव यांचा उल्लेख गायब झालेला असतो. बहुधा तुमच्या लहान देकाराबद्दल एखादा प्रश्न असतो. समजलं नसेल तर उत्तरात आकडे परत येतात. 'दोन वर्षं केली तर?', 'कोणती अट बदलली तर आपल्याला सोयीचं होईल?', किंवा कराराचा नवा मसुदाच जोडलेला असतो. असं झालं तर चिडू नका आणि नवं कारणही देऊ नका. कारण बदललं की पहिलं खोटं होतं असा अर्थ निघतो. तेच कारण, आधीपेक्षा कमी शब्दांत, एक पायरी स्पष्ट करून लिहा: 'अटींमध्ये बदल केला तरी सभासदांचा हा हक्क कंपनीकडे घेणे आम्हाला शक्य होणार नाही, म्हणून या प्रस्तावाचा विषय आम्ही इथे संपवत आहोत. आपल्यासोबतचा दरवर्षीचा व्यवहार मात्र चालू राहावा अशी आमची इच्छा आहे.' दुसऱ्या वेळी इतकं उघड लिहिणं उद्धटपणाचं ठरत नाही. पहिल्या वेळी मऊ बोलून झालेलं असतं.

वेळेचं गणितही सांभाळा. जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष बहुधा आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं, आणि पुढच्या वर्षाची खरेदी त्याआधीच्या हिवाळ्यात ठरत जाते. 29 डिसेंबरच्या सुमारास तिथली कार्यालयं बंद होतात, ती 3 जानेवारीनंतर उघडतात. ऑक्टोबरात आलेल्या प्रस्तावाला नोव्हेंबरात उत्तर गेलं तर त्यांना दुसरा पुरवठादार शोधायला हिवाळा पुरतो. फेब्रुवारीत गेलं तर तेच उत्तर, त्याच गोड शब्दांत, त्यांचं नुकसान करतं. प्रस्ताव आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी 'मिळाला, अमुक तारखेपर्यंत उत्तर देऊ' एवढी पोच मात्र द्यायलाच हवी, आणि ती तारीख पाळायला हवी. नकार उशिरा देण्यात आपल्याला वाटतो तो सभ्यपणा समोरच्याला दिसत नाही.

एप्रिलची आणखी एक गोष्ट. तिथल्या मोठ्या कंपन्यांत या महिन्यात बदल्या होतात. तुमच्याशी फोनवर बोललेला माणूस दुसऱ्या विभागात जातो आणि नवा माणूस फाइल उघडतो. फोनवरचं बोलणं त्या फाइलमध्ये नसतं. असलं तर तुमचं पत्र असतं. म्हणून पत्रावर तारीख, प्रस्तावाची तारीख आणि विषय नीट लिहा, म्हणजे नव्या माणसाला कोणाला न विचारता कळेल की हा विषय झाला आहे आणि तो कटुता न येता झाला आहे.

त्याच पत्रासोबत हिशेबाचे सगळे धागे मिटवा. नमुन्यांचा किंवा तपासणीचा खर्च त्यांनी दिला असेल आणि काही रक्कम शिल्लक असेल तर ती परत करण्याची व्यवस्था कळवा. त्यांनी दिलेली चाळणी, ओलावा मोजायचं यंत्र, बियाणं असं काही आपल्याकडे असेल तर त्याचं काय करायचं ते विचारा. आधी इरादापत्रावर सही झाली असेल तर पत्र पाठवण्यापूर्वी कंपनी सचिवाला किंवा वकिलाला दाखवा, कारण तिथं प्रश्न शिष्टाचाराचा राहत नाही. मंडळाच्या ठरावाची नोंद इतिवृत्तात असू द्या. 'मंडळाने ठरवले आहे' हे वाक्य कागदावर खरं असायला हवं.

हे सगळं जपानी कंपनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. थायलंड, इंडोनेशिया, कोरिया इथल्या व्यापाऱ्यांनाही तोंडावरचा नकार खुपतो, पण प्रत्येकाची रीत वेगळी आहे. आखातातल्या खरेदीदाराशी पत्रापेक्षा मालकानं मालकाशी केलेला फोन मोलाचा ठरतो. उलट हॉलंड-जर्मनीच्या द्राक्ष खरेदीदाराला असं पत्र पाठवलंत तर तो विचारेल, नेमकं हो की नाही? त्याला पहिल्या ओळीत 'नाही' लिहिलेलं आवडतं. आणि देश कोणताही असो, समोरचा माणूस आधी बघा. अमेरिकेत दहा वर्षं काढलेला जपानी अधिकारी तुम्हाला स्वतःच म्हणू शकतो की मला सरळ सांगा. त्यानं तसं म्हटलं तर फोनवर त्याला सरळ सांगा. पत्र मात्र वर दिल्यासारखंच लिहा, कारण ते त्याच्या एकट्यासाठी नसतं, त्याच्या कार्यालयातल्या बाकीच्यांसाठीही असतं.

शेवटी एक विनंती. नोव्हेंबरअखेर नमुने पाठवू असं पत्रात लिहिलं असेल, तर पुढच्या वर्षी काढणी होताच ते काम व्यवस्थापकाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा, माल द्यायचा असो वा नसो. पाऊस जास्त होऊन दाणा डागी निघाला तर तसं कळवा आणि डागी दाण्याची पिशवीच पाठवा.